ओळ एक, कवी अर्धा

मराठी माणसाच्या डोक्यात एक गोडाऊन असतं. त्यात पूर्ण गाणी फार कमी असतात. असतात ते तुकडे. कुठल्याशा अंतऱ्याची दीड ओळ, रेडिओवरच्या निवेदिकेने घेतलेलं एक अर्धवट नाव, आणि ‘ते गाणं गं, ते ढगाळलं की लागायचं’ एवढा पत्ता. हिंदी सिनेमाच्या गाण्याचं बरं असतं. हीरो आठवतो, हीरोइनची साडी आठवते, त्यावरून पिक्चर सापडतो आणि पिक्चरवरून गाणं. भावगीताला ना हीरो, ना साडी. तिथे कवी, संगीतकार, गायक ही तीन नावं आणि शब्द, एवढंच भांडवल. ते नीट वापरलं, तर एका ओळीवरून गाणं सापडतं. नीट वापरलं नाही, तर रात्री दोनपर्यंत मोबाइल चोळत बसायचं आणि सकाळच्या स्टँड-अप मीटिंगला डोळे लाल.

म्हणूनच आज हे कसं शोधायचं ते एका खऱ्या गाण्यावर करून दाखवतो. गाणं तुम्ही नक्की ऐकलेलं आहे. पण ते कोणतं, हे आत्ताच सांगितलं तर मजा गेली.

केस अशी होती

हिंजवडीत टेस्टिंगमध्ये असणारी एक मैत्रीण आणि तिचा न्यू जर्सीतला भाऊ. आईची पंच्याहत्तरी आठ दिवसांवर आलेली. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. ते दाढी करताना रोज एकाच गाण्याचा एकच तुकडा म्हणायचे. मुखडा कधीच नाही, थेट मधलंच काहीतरी. भाऊ-बहिणीने ठरवलं की कार्यक्रमात तेच गाणं कुणाकडून तरी गाऊन घ्यायचं. आईला सांगायचं नाही, सरप्राइज. म्हणजे ज्या एकाच माणसाला गाणं खात्रीने माहीत होतं, तिलाच विचारायचं नव्हतं!

हातात काय होतं? बहिणीला आठवत होतं, ‘फुलं आहेत, वारा आहे, वारा फुलांना चुरगळायला निघालाय, आणि मध्ये कुठेतरी हळूहळू. शेवटी रानावना असं काहीतरी. आणि बाबा म्हणायचे कवी कुणी आरती म्हणून आहे.’ भावाचं म्हणणं वेगळं. ‘गाणं पावसाचं आहे, आशाचं आहे, चाल हृदयनाथांची, आणि शब्द अवघड. म्हणजे ग्रेसच असणार.’ शिवाय त्याच्या डोक्यात ‘प्रभू’ असं एक नाव घोळत होतं. त्यावरून त्याने स्वतःच निष्कर्ष काढला की वसंत प्रभूंची चाल असेल. हृदयनाथ की वसंत प्रभू, यावर दोघांचं दोन दिवस व्हॉट्सअॅपवर वाजलं.

गंमत म्हणजे दोघांकडे मिळून पूर्ण उत्तर होतं. फक्त माहिती चुकीच्या रकान्यात भरलेली होती.

आधी नावांचे रकाने

आकाशवाणीवर भावगीत लागलं की आधी किंवा नंतर तीन नावं यायची. गीत अमुक, संगीत तमुक, स्वर अमुक. आपण ती ऐकतो अर्ध्या कानाने, कारण तोपर्यंत कुकरची शिट्टी झालेली असते. मग वर्षांनंतर नाव राहतं, पण ते कवीचं होतं की संगीतकाराचं, हे पुसलं जातं. त्यामुळे आठवलेल्या नावाला लगेच हुद्दा देऊ नका. कागदावर तीन रकाने काढा, नाव तिन्हीकडे टाकून बघा, आणि कुठे बसतं ते तपासा.

‘प्रभू’ हे नाव संगीतकाराच्या रकान्यात टाकलं की वसंत प्रभू येतात. मग त्यांची गाणी बघायची. त्यांची जोडी मुख्यतः पी. सावळारामांशी. सावळारामांची भाषा घरातली, माहेर-सासरची, कानावर पडताक्षणी कळणारी. मैत्रिणीने त्या गाण्यांची यादी तासभर चाळली. वाऱ्याने चुरगळायला निघालेली फुलं तिथे कुठे भेटली नाहीत. बरं, संगीतकार वसंत प्रभू असते, तर ‘आरती’ उरते ती उरतेच. एखादं नाव खरंच योग्य रकान्यात असेल, तर बाकीचे तुकडेही त्याच्याभोवती गोळा व्हायला लागतात. इथे एकही तुकडा जवळ आला नाही. एवढं पुरेसं असतं. तो रस्ता सोडायचा.

आता ‘प्रभू’ कवीच्या रकान्यात टाकू. आणि त्याच्या शेजारी बहिणीची ‘आरती’ ठेवू. आरती. प्रभू. दोघं भावंडं दोन दिवस एकाच नावाचे दोन तुकडे घेऊन भांडत होती!

आरती प्रभू बाई नव्हेत

ज्यांना माहीत आहे ते हसतील, पण ऑफिसात विचारून बघा. दहातले निम्मे तरी आरती प्रभू म्हणजे कवयित्री समजतात. आरती प्रभू म्हणजे चिंतामण त्र्यंबक खानोलकर. जन्म 1930 चा, वेंगुर्ल्याकडचा, आणि गेले 1976 साली, जेमतेम सेहेचाळिसाव्या वर्षी. कविता त्यांनी आरती प्रभू या नावाने लिहिली आणि कादंबऱ्या, नाटकं चिं. त्र्यं. खानोलकर या नावाने. ‘कोंडुरा’ ही कादंबरी त्यांची, जिच्यावर श्याम बेनेगलांनी सिनेमा केला. ‘चानी’ त्यांची, जिच्यावर व्ही. शांतारामांनी केला. ‘एक शून्य बाजीराव’ हे नाटकही त्यांचंच. कवितेची पुस्तकं तीन नावाजलेली: ‘जोगवा’, ‘दिवेलागण’ आणि ‘नक्षत्रांचे देणे’. शेवटच्या पुस्तकाला 1978 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा ते हयात नव्हते.

गाणं शोधणाऱ्याला या सगळ्याचा उपयोग असा की ‘कुणीतरी बाई’ ही आठवण मराठीत अजिबात भरवशाची नाही. आपल्याकडे टोपणनावांची परंपरा जबरदस्त आहे. ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे. त्या नावानेही नवख्यांची अशीच फसगत होते. कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर आणि बी म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते, हे शाळेत पाठ केलेलं असतं म्हणून वाचतो. उलटंही घडलंय. शांता शेळके यांनी काही सिनेगीतं ‘डॉ. वसंत अवसरे’ या नावाने लिहिली. म्हणजे पुरुषाचं नाव आठवतंय म्हणून बाईचं गाणं हातातून निसटायचं.

तेव्हा पुरुष-बाई हा चाळणीचा निकष ठेवूच नका. आणि कवीच्या नावाने शोधताना टोपणनाव आणि खरं नाव दोन्ही टाका. लायब्ररीत तर हे फारच महत्त्वाचं. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय असो की ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, एकाच माणसाची कविता एका नावाखाली आणि कादंबरी दुसऱ्या नावाखाली असू शकते. काउंटरवर ‘आरती प्रभूंचं काही आहे का’ एवढंच विचारून परत येऊ नका. ‘खानोलकर’ही विचारा.

भावाचा ग्रेस कुठून आला?

भाऊ अगदीच चुकला नव्हता. त्याला संगीतकार बरोबर आठवत होता. आणि हृदयनाथ मंगेशकरांनी ग्रेस यांच्याही कवितांना चाली लावल्यात, आरती प्रभूंच्याही. आरती प्रभूंचं ‘ती येते आणिक जाते’ महेंद्र कपूर यांनी गायलंय, आणि ग्रेस यांचं ‘ती गेली तेव्हा’ खुद्द हृदयनाथांनी. ‘ती’ येण्याचं गाणं एका कवीचं, ‘ती’ जाण्याचं दुसऱ्याचं, चाल दोन्हीकडे एकाच माणसाची. 1989 च्या ‘निवडुंग’ सिनेमात तर दोन्ही कवी एकाच कॅसेटवर होते. ज्यांच्या घरी ती कॅसेट घासली गेली, त्यांच्या डोक्यात या दोघांची सरमिसळ झाली नाही तरच नवल.

यातून कामाची एक गोष्ट मिळते. संगीतकार पक्का आठवत असेल आणि कवी धूसर, तर ‘अवघड शब्द म्हणजे ग्रेस, गझल म्हणजे सुरेश भट, प्रेम म्हणजे पाडगावकर’ असा ठोकताळा लावू नका. त्या संगीतकाराने कोणकोणत्या कवींना चाली दिल्या, ती चार-सहा नावं लिहा. धूसर आठवलेलं नाव त्यातल्या एखाद्याशी जुळतं का ते बघा. इथे हृदयनाथांच्या कवींमध्ये आरती प्रभू हे नाव होतं. झालं. कवी, संगीतकार, गायिका, तिन्ही रकाने भरले.

आता ओळ. पण कुठली?

कवी मिळाला तरी गाणं मिळालं असं नाही. कारण आपल्याकडे बहुतेक याद्या मुखड्यावर चालतात. ‘आठवणीतली गाणी’ (aathavanitli-gani.com) ही वेबसाइट घ्या किंवा जुन्या कवितासंग्रहाच्या मागची सूची घ्या. अकारविल्हे यादी असते ती पहिल्या ओळीची. आणि आपल्याला आठवतो अंतरा. शिवाय पुस्तकात कवितेला वेगळंच शीर्षक असू शकतं. बींची जी कविता आपण लताबाईंच्या आवाजात ‘चाफा बोलेना’ म्हणून ओळखतो, ती पुस्तकात नुसती ‘चाफा’ आहे.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: मला आठवते ती ओळ मुखडा आहे की अंतरा? गुणगुणून बघा. ओळ संपल्यावर तुमचा आवाज आपोआप दुसऱ्या कुठल्यातरी ओळीवर घरंगळत परत जातो का? जात असेल तर तुमच्याकडे अंतरा आहे, आणि ज्या ओळीवर तो जातोय तो मुखडा. शब्द आठवत नसतील, तरी चालीची ती उतरंड आठवते. मैत्रिणीने फोनवर गुणगुणून दाखवलं. ‘रानावना’ झाल्यावर चाल सरळ खाली आली आणि ती ‘ला ला लाला’ करत थांबली. म्हणजे अंतरा. नक्की.

आणि इथेच भावगीताची रचना मदतीला येते. अंतऱ्यातल्या आधीच्या ओळी आपापसात यमक जुळवतात, पण शेवटची ओळ बहुधा मुखड्याशी यमक जुळवते. कारण गायकाला तिथून मुखड्यावर परतायचं असतं. यमक जुळलं की कानाला तो परतीचा रस्ता गुळगुळीत वाटतो. म्हणजे अंतऱ्याचा शेवटचा शब्द तुमच्याकडे असेल, तर मुखड्याच्या शेवटचा आवाज तुमच्याकडे आहे! ‘रानावना’वर संपणारा अंतरा सांगतो की मुखड्याची ओळ ‘ना’वर संपत असणार. मना, जना, वना, घना, असं काहीतरी.

आता कवीची यादी उघडायची. आरती प्रभूंच्या गायल्या गेलेल्या कवितांची यादी सावळाराम किंवा गदिमांसारखी शेकड्यांनी नाही. चहाचा कप संपेपर्यंत वाचून होते. त्यात ‘ना’वर संपणारा मुखडा, हृदयनाथांची चाल आणि आशाबाईंचा आवाज, असा तिहेरी फिल्टर लावला की समोर येतं: ‘ये रे घना’.

आता तुम्ही म्हणाल, हे तर आम्हाला माहीतच होतं. अहो, तिलाही माहीत होतं! मुखडा शंभर वेळा ऐकला होता. पण बाबा म्हणायचे तो तुकडा या गाण्याच्या पोटात आहे, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आपण मुखड्याला गाणं समजतो आणि अंतऱ्याला आठवण समजतो, आणि दोघांची गाठ घालत नाही.

‘हळूहळू’ कुठे गेलं?

एक प्रश्न मात्र राहिला. गाणं लावलं तर त्यात फुलं होती, वारा होता, चुरगळणं होतं, रानावना होतं, पण ‘हळूहळू’ नव्हतं. भाऊ लगेच म्हणाला, ‘मग हे ते गाणं नाहीच.’ अशा वेळी शोधणारे हमखास माघार घेतात. म्हणून इथे थोडं थांबू.

‘हळूहळू’च्या जागी गाण्यात शब्द आहे ‘अळुमाळु’. जुन्या मराठीतला, संतवाङ्मयात भेटणारा शब्द. तिथे अर्थ थोडंसं, किंचित असा. इथे फुलांच्या संदर्भात तो नाजूक, इवल्याशा अशा छटेने येतो. आपल्या रोजच्या बोलण्यात तो नाही. कानाला जो शब्द माहीत नसतो, त्याच्या जागी कान ओळखीचा शब्द बसवतो. पण कान बेशिस्त नसतो. तो आकार जपतो. मोजून बघा: ह-ळू-ह-ळू, चार अक्षरं. अ-ळु-मा-ळु, चार अक्षरं. दुसऱ्या आणि चौथ्या जागी दोन्हीकडे तोच ‘ळू’चा आवाज. यमक तसंच राहतं, ठेका तसाच राहतो, फक्त शब्द बदलतो.

हे गाणं अष्टाक्षरी घाटाचं आहे, म्हणजे एका ओळीत आठ अक्षरं. जोडाक्षर असलं तरी ते एकच मोजायचं, काना-मात्रा वेगळे धरायचे नाहीत. बोटांवर मोजता येतं. आठवलेल्या ओळीत सात किंवा दहा अक्षरं येत असतील, तर काहीतरी गळलंय किंवा तुम्ही पदरचं घातलंय. आठ बरोबर येत असतील, पण शब्द गाण्याशी जुळत नसेल, तर तो बहुधा असा कानाने केलेला बदल असतो. म्हणजे एखादा शब्द जुळला नाही म्हणून गाणं रद्द करायचं नाही. आधी अक्षरं मोजायची, मग आवाज जुळवायचा, आणि तरीही नाही जुळलं तर रद्द.

याचं उलटं तंत्रही लक्षात ठेवा. आठवलेल्या ओळीतला सगळ्यात साधा, सगळ्यात बिनचेहऱ्याचा शब्द असतो ना, हळूहळू, कधीतरी, पुन्हा, तोच सर्वात संशयास्पद. कारण भोकं बुजवायला मेंदू असलेच शब्द वापरतो. ‘चुरगळणं’ किंवा ‘रानावना’ असे शब्द मेंदू स्वतःहून घालत नाही. ते आठवतायत म्हणजे ते गाण्यात आहेत. सर्च करायचा तो त्यांच्यावर.

टाइप करताना

आता थोडं टेक्निकल. पूर्ण ओळ अवतरणचिन्हात टाकून सर्च करणं ही सर्वात वाईट आयडिया. एकतर ती ओळ तुमच्या मेंदूने थोडी एडिट केलेली असते. दुसरं म्हणजे मराठी कवितेतलं ऱ्हस्व-दीर्घ. सध्याच्या शुद्धलेखनाप्रमाणे शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ लिहायचा. हे नियम 1962 चे आणि त्यातली भर 1972 ची. पण कवितेत छंदासाठी किंवा जुन्या सवयीने तो ऱ्हस्व ठेवलेला असतो. कुणी ‘अळुमाळु’ छापतं, कुणी ‘अळुमाळू’. जुन्या पुस्तकांत तर अनुस्वारांचीही बरसात असते. तुमच्या अवतरणचिन्हातल्या ओळीत एक उकार इकडचा तिकडे झाला की निकाल शून्य.

त्यापेक्षा दोन-तीन पक्के, वेगळे शब्द सुटे टाका, आणि सोबत कवी किंवा संगीतकार. मैत्रिणीने शेवटी हे टाकलं असतं तरी चाललं असतं:

```
फुले वारा रानावना "आरती प्रभू"
```

नाव अवतरणचिन्हात, शब्द बाहेर. मग रोमनमध्येही एकदा. म्युझिक अॅप्सवर मराठी गाणी बहुतेक इंग्रजी स्पेलिंगने चढवलेली असतात, आणि तिथे `Ghana` लिहिलंय की `Ghanaa` हे चढवणाऱ्याच्या मूडवर. अॅप्सवर आणखी एक लोचा आहे. तिथे ‘आर्टिस्ट’ म्हणजे गायक. कवीला बरेचदा रकानाच नसतो, किंवा असला तर त्यात संगीतकार बसलेला असतो. त्यामुळे कवीच्या नावाने अॅपमध्ये शोधून काही मिळालं नाही, तर गाणं नाही असं समजू नका. कवी शोधायचा वेबसाइटवर किंवा पुस्तकात, आणि अॅपमध्ये जायचं ते मुखडा हातात आल्यावर.

आणि अर्थावरून शोधत असाल, तर समानार्थी शब्दांकडे लक्ष द्या. भाऊ ‘पावसाचं गाणं’ म्हणत होता आणि ‘पाऊस’ टाकूनच शोधत होता. या गाण्यात पावसाला बोलावलंय खरं, पण ‘पाऊस’ हा शब्द अख्ख्या गाण्यात एकदाही नाही. हाक मारलीय ती ‘घना’ला. मराठी कवीकडे ढगासाठी घन आहे, मेघ आहे, जलद आहे. फुलासाठी सुमन आहे, चंद्रासाठी शशी आणि सोम आहेत. तुम्हाला आठवतो तो अर्थ. कवीने वापरलेला शब्द दुसराच असू शकतो. एका अर्थाचे तीन-चार शब्द टाकून बघितल्याशिवाय हार मानायची नाही.

सापडलं, पण खात्री?

सापडलेलं गाणं तेच आहे याची खात्री कशी करायची? तीन गोष्टी. एक, तुमची ओळ त्यात प्रत्यक्ष ऐकू आली पाहिजे. नुसता विषय जुळून भागत नाही. दोन, चाल जुळली पाहिजे, कारण एकाच कवितेला दोन संगीतकारांनी चाली दिल्याची उदाहरणं आहेत, आणि लोकप्रिय गाण्याच्या कव्हर व्हर्शन्स तर ढिगाने. घरी ऐकलेला आवाज कुणाचा होता, हे जुळवायचं. तीन, कवीचं नाव शक्य असेल तर छापील पुस्तकातून तपासायचं. नेटवर दहा ठिकाणी एकच नाव दिसलं म्हणजे दहा पुरावे झाले असं नाही. नऊ जणांनी पहिल्याचं कॉपी-पेस्ट केलेलं असतं, चुकीसकट. फॉरवर्ड होऊन आलेल्या कवितेखाली तर जो कवी सध्या फॉर्मात, त्याचं नाव.

पुस्तक उघडलं की कधी कधी एक जादा गोष्ट मिळते. छापलेली कविता गाण्यापेक्षा लांब असू शकते. 78 आरपीएमच्या तबकडीत एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची. त्यामुळे संगीतकार कडवी गाळायचे, आणि ती सवय लाँग प्ले आल्यावरही राहिली. म्हणजे तुम्हाला आठवणारी ओळ रेकॉर्डवर नसून पुस्तकातल्या न गायलेल्या कडव्यात असण्याची शक्यता धरून चाला, विशेषतः घरात कविता वाचणारं कुणी असेल तर. गाणं बरोबर वाटतंय पण ओळच सापडत नाही, असं झालं की पुस्तक गाठायचं.

आणि एक मर्यादाही सांगून ठेवतो. काही गाणी या सगळ्या रस्त्यांनी जाऊनही मिळत नाहीत. आकाशवाणीवर ‘भावसरगम’सारख्या कार्यक्रमांत खास रेडिओसाठी बसवलेली भावगीतं असायची. त्यातली सगळी बाजारात आली नाहीत. ती अॅपवर नसणारच. तिथे कवीचा संग्रह सापडला, कविता हाती आली, तर तेवढ्यावर समाधान मानायचं. चाल ज्याच्या घशात उरलीय, त्याच्याकडून एकदा म्हणवून घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायची. उद्यावर न टाकता.

आमच्या केसमध्ये ती वेळ आली नाही. गाणाऱ्या मुलीला मुखडा, अंतरे, चाल सगळं पाठच होतं. तिला फक्त एक विनंती केली होती, की पहिला अंतरा झाला की क्षणभर थांब. ती थांबली, आणि आईने स्वतःच तो अंतरा पुन्हा म्हटला. ‘अळुमाळु’ न म्हणता ‘हळूहळू’ म्हटला. म्हणजे तो बदल मुलीच्या कानाचा नव्हता. बाबाच तसं म्हणायचे!

म्हणून या वीकेंडला घरच्या एखाद्या गुणगुणणाऱ्या माणसाजवळ बसा. त्याचा तुकडा, जसा तो म्हणतो तसाच, चुकांसकट लिहून घ्या. खाली ओळीचं शेवटचं अक्षर, ओळीतली अक्षरं मोजून, आणि कानावर आलेलं प्रत्येक नाव, हुद्दा न लावता. गाणं शोधायला एवढं पुरतं.